हॉलंडचं रोप, निमगावचे हात

हॉलंडला जायचं तिकीट खरं तर माझं होतं. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दोन हजार चार साली टोमॅटोचं बी विकणाऱ्या एका कंपनीनं चांगली विक्री केलेल्या दुकानदारांना परदेश दौरा जाहीर केला आणि त्यात माझा नंबर लागला. लोकांनी पेढे मागितले, मी वाटलेही, आणि मग कंपनीच्या साहेबाला फोन करून सांगितलं की मी काही येत नाही. पेठेत अजून म्हणतात, सोपानशेठ विमानाला घाबरला. विमानाचं काही नव्हतं हो, मी तिथल्या जेवणाला घाबरलो. आठवडाभर थंड पाव खाऊन परत येणारा माणूस मी नाही.

साहेब म्हणाला, मग तुमचा एखादा चांगला शेतकरी द्या, पण पासपोर्ट असलेला. आमच्या तालुक्यात तेव्हा पासपोर्ट असलेला शेतकरी शोधायचा म्हणजे काय गंमत! पण एकाकडे होता. निमगाव सावाच्या हौशीरामकडे. हा माझा शाळेतला दोस्त. कधी मुंबईच्या पलीकडे गेला नव्हता, जायचं कारण नव्हतं, पण "पुढंमागं लागला तर?" म्हणून पठ्ठ्यानं पासपोर्ट काढून ट्रंकेत ठेवला होता. गावानं त्यावर वर्षभर त्याची खेचली होती. त्या दिवशी मी फोन केला तर त्यानं माझ्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "सोपान, मस्करी करत असशील तर आत्ताच सांग."

हौशीराम म्हणजे नावाप्रमाणे हौशी. जरबेरा लावून बघितला, ससे पाळून बघितले, कोरफडीचा एक वाफा त्याच्या बांधावर अजून आहे. यातलं काहीच टिकलं नाही. घरची जमीन एकत्र, कारभार थोरल्या भावाच्या हातात. गेणभाऊ म्हणजे कमी बोलणारा, रागीट आणि घरासाठी झिजलेला माणूस. वडील लवकर गेले तेव्हा हौशीराम शाळेत होता; त्याला हाताला धरून शेतात उभं केलं ते गेणभाऊनं. त्यामुळे हौशीरामच्या प्रत्येक नव्या खुळाला गेणभाऊ आधी शिव्या द्यायचा आणि मग त्याच्या वाफ्याला पाणी सोडायचा. पण ससे संपले तेव्हा त्याचाही धीर संपला. त्यानं मेहुण्याकरवी चाकणच्या एका कंपनीत धाकट्यासाठी जागा बघून ठेवली होती.

हॉलंडहून हौशीराम परतला तेव्हा घरात आधी चॉकलेटं निघाली, मग एक काळा प्लास्टिकचा ट्रे निघाला. जिलेबीच्या परातीएवढा, आणि त्यात ओळीनं खड्डे. कपड्यांत गुंडाळून आणला होता. आम्ही ओट्यावर बसलो होतो, मी, तो, त्याची बायको उज्ज्वला. त्यांची लहानगी मुलगी हर्षाली त्या खड्ड्यांत बोटं घालत होती.

"तिकडं कुणी घरी रोप करीतच न्हाई," तो सांगायला लागला. "रोप करणारे येगळे, पीक घेणारे येगळे. ह्यानं आज सांगायचं, मला आमक्या तारखेला एवढी रोपं पायजेत. त्यानं त्या तारखेला गाडी दारात लावायची. एका खड्ड्यात एक बी. मुळाभोवती मातीचा गड्डा तसाच. मर न्हाई, रोग न्हाई, बी वाया जात न्हाई."

आमच्याकडची रीत अशी की प्रत्येकानं आपापल्या रानात गादीवाफा करायचा. बी ओळीत टाकायचं, वर गवत झाकायचं, आणि मुंग्या, रोपं कोलमडवणारी मर, पांढरी माशी या सगळ्यांतून जी रोपं उरतील ती उपटून लावायची. संकरित बी महाग, आणि त्यातलं किती जगेल हे देवाला ठाऊक. माझ्या दुकानात रोज एक तरी माणूस उगवण कमी झाली म्हणून भांडायला यायचा. त्यामुळे हौशीरामची गोष्ट मला पटली, आणि मी ती पटल्याचं मोठ्यानं बोललो. हौशीरामला तेवढंच हवं होतं.

गेणभाऊ आतून सगळं ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, "विहिरीपाशी धा गुंठे घे. हा उन्हाळी हंगाम तुझा. त्यात जमलं तर जमलं. न्हाई तर रान नांगरायचं आन तू चाकणला जायचं. पुन्यांदा मला काय दाखवायला आणू नगं."

उज्ज्वलानं पदर सावरला आणि मान खाली घातली. चाकणला जायला तिची ना नव्हती असं ती नेहमी म्हणायची. पण हौशीराम सकाळी उठून अनवाणी बांधावर फिरून येतो, तोपर्यंत चहा पीत नाही, हे तिला माहीत होतं. पत्र्याच्या खोलीत, पाळीच्या भोंग्यावर हा माणूस कसा जगेल, याची तिला धास्ती होती. तिनं ती मला नंतर बोलून दाखवली. "भावजी, ह्यांना पगार मिळंल, पण हे मिळायचे न्हाईत."

मग आमचं ठरवाठरवीचं सत्र सुरू झालं. तिकडचं काय जसंच्या तसं उचलायचं आणि काय आधी इथं करून बघायचं? हौशीरामला सगळंच उचलायचं होतं. काचेची घरं, गरम हवेचे पाईप, दारात औषधाचं पाणी, बाहेरच्याला आत बंदी. मी म्हटलं, "अरे शहाण्या, फेब्रुवारीत निमगावात हवा गरम करायचे पाईप लावतोस? तू तिकडं जाऊन आलास का तिकडचाच झालास?" तेव्हा तो हसला आणि जरा जमिनीवर आला.

उज्ज्वला बारावी सायन्स झालेली. तिनं एक नेम घालून दिला, तो मला तेव्हा फार आवडला. म्हणाली, "जे रोपाच्या कामाचं हाय ते तसंच आणा. रोप तिकडं बी रोपच अन् हितं बी रोपच. जे माणसांच्या कामाचं हाय ते करून बघा. माणसं येगळी हायत." शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, दोन बदलल्या तर कशानं बिघडलं ते कळत नाही, असंही तिनं बजावलं.

काच गेली, जाळीचा मांडव आला. हॉलंडात ट्रेमध्ये भरतात ती दलदलीतली माती आपल्याकडे कुठून आणायची? तिच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा आणला. पहिल्या थोड्या ट्रेंतली रोपं पिवळी पडून करपली, कारण भुशात खार असतो हे माहीत नव्हतं. पाण्यानं दोन-तीनदा धुऊन, निथळून वापरला तशी रोपं हिरवीगार उठली. म्हणजे रोपाच्या कामाचंही सगळं तसंच येत नाही. पण ट्रे थोडे होते, नुकसान थोडं झालं, आणि कशानं बिघडलं ते लगेच कळलं म्हणून उज्ज्वला खूश झाली.

माणसांच्या कामाचं जास्त जड गेलं. तिकडं बियाणंही रोपवाल्याचंच असतं. हौशीरामनंही माझ्याकडून बी नेऊन रोपं तयार केली, तर लोक यायचे, रोप हातात घ्यायचे, "झकास हाय राव" म्हणायचे आणि निघून जायचे. वाण कुठला हे दुसऱ्याच्या तोंडून कसं मानायचं? मग त्यानं तुमचं बी तुम्ही आणा असं सांगून बघितलं. माणूस माझ्या दुकानातून बी घ्यायचा, पुडी त्याच्या समोर फुटायची, त्याच्या देखत खड्ड्यात बी पडायचं, आणि ट्रेवर त्याच्या नावाची चिठ्ठी लागायची. तसे लोक आले. हॉलंडची ठरलेली तारीखही इथं टिकेना. कालव्याला पाणी कधी सुटतं त्यावर आमची लागण, म्हणजे रोपांची लावणी ठरते, आणि कालव्याचं पाणी आज म्हणतात ते दहा दिवसांनी येतं. म्हणून पाण्याची बातमी पक्की झाल्याशिवाय बी टाकायचं नाही, आणि तरीही पाणी लांबलं तर रोपाचं पाणी तोडून त्याला जरा थोपवून धरायचं, अशी युक्ती निघाली. आत बंदी मात्र चालली नाही. पावणा दारात आला आणि त्याला आत यायचं नाही म्हणायचं? उज्ज्वलानं जाळीला एक लांबट फट ठेवली, की आत न येता सगळं दिसावं, आणि तिथं चहा ठेवला. लोक चहा पीत रोपं बघायचे.

तयार रोपं त्यांनी स्वतःच्या वाफ्यात लावून बघितली. हौशीरामनं एक ओळ लावली, उज्ज्वलानं एक. एकही मेलं नाही. मी स्वतः पाहिलं. आता काही बघायचं उरलं नाही असं आम्हा तिघांनाही वाटलं.

पहिली मोठी ऑर्डर गावातल्याच दादाभाऊची. दादाभाऊ म्हणजे चांगला बागायतदार, त्याच्या रानाकडे बघून अर्धा गाव लागण करतो. ट्रेच्या ट्रे ट्रॉलीत भरून गेले. त्या संध्याकाळी हौशीरामनं मला दुकानात फोन करून सांगितलं की गेणभाऊनं ट्रॉली ढकलायला मागून हात लावला. एवढंच सांगायला फोन. मी म्हटलं, बिल वाढतंय, ठेव.

चार-पाच दिवसांनी पुन्हा फोन आला, तो दादाभाऊचा. "शेठ, तुमचं बी मेलंय. या आन बघा." आमच्याकडे काहीही झालं की पहिला दोष बियाला. मी स्कूटर काढली आणि संतापून निमगाव गाठलं. बी विकतो म्हणून काय साऱ्या जगाची जबाबदारी घेतलीय का मी?

रानात उभा राहिलो आणि माझा राग गळाला. सरीच्या सरी माना टाकून पडल्या होत्या. निम्म्याहून जास्त रोपं गेली होती. दादाभाऊ होता, गेणभाऊ होता, बांधावर बघे होते. हौशीराम सरीत उकिडवा बसून एकेक रोप उकरत होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्यानं रोप वर धरलं. मुळं उघडी, तुटक्या धाग्यांसारखी. काथ्याचा गड्डा नावालासुद्धा नव्हता.

सरीच्या टोकाला औषधाची बादली होती आणि बादलीशेजारी तपकिरी भुशाचा ढीग होता. नीट, एका जागी केलेला.

लागण केली होती चिमाबाईच्या टोळीनं. चिमाबाई आहुप्याची. दिवाळीनंतर डोंगरातलं भात निघालं की या बायका खाली उतरतात आणि टोमॅटो, मिरची, कांद्याच्या लागणी करत गावोगाव फिरतात. पुढच्या रानात त्यांचं काम चालू होतं, तिथून तिला बोलावून आणलं. उन्हानं रापलेली, बुटकी, कमरेला खुरपं. हौशीरामनं तिला विचारलं, "मावशी, ह्या रोपाच्या मुळाला भुसा व्हता, त्याचं काय केलं?"

तिला वाटलं शाबासकी मिळतेय. म्हणाली, "लई गाळ व्हता भाऊ मुळास्नी. येकेक रोप धुऊन काढलं. पोरींचं हात दुखलं, पन येक बी रोप घान लावलं न्हाई."

आता यात तिची चूक काय? डोंगरात भाताची आवणी करताना रोप उपटलं की मुळं पायावर आपटून चिखल झाडायचा, मूठ बांधायची आणि लावायची. खाली आल्यावर टोमॅटोचं रोप उपटलं की माती झटकायची, मुळं औषधात बुडवायची आणि लावायची. जन्मभर तिच्या हातांनी हेच केलेलं. मुळं स्वच्छ ठेवणं म्हणजे चांगलं काम. तिनं तर नेहमीपेक्षा जास्त मेहनत घेतली होती, आणि त्या ओढाताणीत बारीक मुळं तुटून गेली होती.

दादाभाऊ भडकला. "म्हंजी ह्या बायांनी माझं रान मारलं! मजुरी ईसरायची आता. आन हौशीराम, तुझं रोप चांगलं व्हतं, तुझा काय दोष न्हाई. मी सांगतो समद्यांना."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. बी सुटलं, रोपही सुटलं. हौशीरामनं फक्त मान हलवायची होती. त्याची नर्सरी वाचली असती, हंगाम वाचला असता, चाकण टळलं असतं. गेणभाऊसुद्धा धाकट्याच्या तोंडाकडे बघत होता. आणि चिमाबाई, जिला आत्ता कुठं कळलं होतं की काय झालंय, ती आपल्या मातीनं भरलेल्या हातांकडे बघत होती.

हौशीराम उभा राहिला. "दादाभाऊ, मजुरी तोडू नका. चूक माझी हाय."

"तुझी कशी?"

"तिकडं रोप देनारा रोप देतो आन गप बसतो, कारण लावनाराला समदं ठावं असतं. मी तेवढंच बघून आलो. हितं लावनार कोण, हे मी बघितलंच न्हाई. आमी दोघांनी लावून बघितलं, पन आमाला गड्डा काय ते म्हाईत व्हतं. मावशींना मी सांगितलं न्हाई. रोप इकलं, पन लावायचं कसं ते इकलंच न्हाई. माझ्याकडं जास्तीची रोपं हायत, ती तुमाला देतो."

दादाभाऊनं मजुरीचा विषय सोडला. गेणभाऊ मात्र पांढराफटक पडला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "सोताच्या तोंडानं सोताचं दुकान बंद केलं बघ." आणि सरळ घरी निघून गेला.

त्याचं म्हणणं खरं ठरलं. हौशीरामची रोपं मरतात ही बातमी दुपारच्या एसटीनं पसरली, आणि त्यानं चूक कबूल केलीय म्हटल्यावर वर शिक्काच बसला. ट्रेवर ज्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या त्यांतले बरेच जण फिरकेनासे झाले. मी त्याला लई बोललो. म्हटलं, "अरे, तुझा स्वभाव म्हणजे धंद्याला लागलेली मर आहे." तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सोपान, जे रोप हितल्या हातांना लावता येत न्हाई, ते रोप हितलं न्हाईच. मग ते हॉलंडात कितीबी चांगलं असू दे." 

त्या संध्याकाळी तो आणि उज्ज्वला एक ट्रे घेऊन चिमाबाईच्या खोपटावर गेले. मीही गेलो, कारण घरी जाऊन तरी काय करणार होतो. बायका चुलीपुढं होत्या. चिमाबाई आम्हाला बघून उठली आणि पहिलं वाक्य बोलली, "भाऊ, भरपाई द्यायची ऐपत न्हाई आमची."

हौशीराम तिच्यापुढं खाली बसला. "भरपाई न्हाई, मावशी. शिकायला आलोय. तुमी रोप कसं धरता, कसं लावता, ते मला दावा."

तिनं दाखवलं. अंगठ्यानं माती दाबायची, खोल. तो दाब गड्ड्यावर पडला तर गड्डा फुटणार, हे त्यालाही तेव्हाच दिसलं. मग त्यानं ट्रेच्या खड्ड्याला खालून बोट लावून रोप वर काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. ओला, मऊ गड्डा, त्यावर उभं हिरवं रोप. तिनं ते वळवून वळवून बघितलं.

"ह्याचं घर हाय व्हय हे," ती म्हणाली. "आन आमी घरातनं भायेर काढलं." एवढं बोलून ती डोळ्यांना पदर लावून रडायला लागली. उज्ज्वला तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. 

मग चिमाबाईच कामाला लागली. खुरप्यानं फोडलेला खड्डा मोठा होतो, गड्डा त्यात डगडगतो. तिनं जळणातला एक दांडका घेतला, टोक तासलं, गड्ड्याएवढंच भोक पडेल असं केलं. हौशीराम म्हणाला, गड्डा वरून उघडा राहिला तर वारा त्यातलं पाणी शोषून घेतो, म्हणून वर चिमूटभर माती हवी. ती म्हणाली, मग दाबायचं बाजूनं, दोन बोटांनी. करून बघितलं. जमलं. बाकीच्या बायका आल्या, हसत, एकमेकींना ढकलत. खोपटापुढची जमीन रोपांनी भरून गेली.

दुसऱ्या दिवशी दादाभाऊच्या रानात नवी रोपं गेली. हौशीरामनं त्याला एक विनंती केली. रस्त्याच्या कडेच्या दोन सरी मुळं धुऊन, जुन्या रीतीनं लावायच्या, बाकी सगळ्या गड्ड्यासकट. दादाभाऊ म्हणाला, "आजून काय बघायचंय तुला?" हौशीराम म्हणाला, "मला न्हाई, गावाला." दादाभाऊ कुरकुरत तयार झाला. त्याच रानात, त्याच पाण्यावर, त्याच हातांनी लागण झाली. आठवड्यात रस्त्यावरून जाणारा कुणीही सांगू शकत होता की कुठली सरी कशी लावलीय. लोक मोटारसायकली थांबवून बघायला लागले.

आणि चिमाबाईची टोळी फिरती. आज निमगाव, उद्या साकोरी, परवा बेल्हे. जिथं जाईल तिथं ती आपला दांडका दाखवायची आणि सांगायची, रोप असं असतं, त्याला असं लावायचं. हॉलंडच्या रोपवाल्याकडे गाड्या असतील, पण चिमाबाई नव्हती. हौशीरामनं मग पक्का नियम केला. जाळीच्या दाराशी भुसभुशीत मातीचा एक छोटा वाफा केला. रोप न्यायला जो येईल त्यानं, मालक असो की मजूर, आधी त्या वाफ्यात आपल्या हातानं रोपं लावून दाखवायची. नीट लावलं तर ट्रे हलणार, नाही तर पुन्हा लाव. बड्या बागायतदारांना याचा राग यायचा. उज्ज्वला चहा पुढे करायची आणि म्हणायची, "तेवढं येक दावा की, दादा." मग ते बसायचे.

हंगाम सरत आला. रोपं गेली होती, पण पहिल्या फटक्याची तूट भरून निघाली असं काही म्हणता येत नव्हतं. गेणभाऊ जाळीकडे फिरकत नव्हता. चाकणच्या मेहुण्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता. उज्ज्वलानं हर्षालीच्या शाळेचा दाखला काढायचा का, असं मला विचारलं, आणि विचारताना दुसरीकडे बघत होती.

अशात एका सकाळी गेणभाऊ माझ्या दुकानात आला. एसटीनं आला होता, धोतर-टोपी स्वच्छ, लग्नाला निघाल्यासारखा. बाकावर बसला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "टमाट्याचं बी दे. पावसाळी लागणीचं. समद्या रानाचं."

मी पुड्या काढल्या. गेणभाऊचा गादीवाफा म्हणजे गावात नावाजलेला. त्याच्यासारखी वाफ्याची आखणी कुणाला जमत नसे. म्हटलं, "वाफे तयार का?"

"वाफे न्हाई करायचे. तू ह्या पुड्या हौशीरामकडं नेऊन दे."

मी पुड्या त्याच्यापुढं सरकवल्या. "तुमी एकाच घरात राहता गेणभाऊ. तुमीच द्या की."

त्यानं पुड्या मोजून एकावर एक रचल्या. मग म्हणाला, "मी दिल्या तर तो माझ्या पाया पडंल. मग मला रडू येईल. बाजारात बोलाय बरं हाय."

"आन चाकण?"

"कशाचं चाकण. त्या दिवशी दादाभाऊच्या रानात मला लई राग आला. रातभर झोप न्हाई. मग वाटलं, बा गेल्यावर ह्याला मीच वाढवला. परक्या बाईवर ढकलून मोकळा झाला असता तर मी काय वाढवलं आसं झालं असतं." टोपी काढून त्यानं पुन्हा घातली. "पन हे तू त्याला सांगू नगं."

मी सांगितलं नाही. दुकान बंद केलं, गेणभाऊला स्कूटरवर मागं बसवलं आणि सरळ नर्सरीच्या दारात नेऊन उतरवलं. तो वाटेत मला शिव्या देत होता. दिल्या तर दिल्या.

हौशीराम जाळीतून बाहेर आला. भावाच्या हातात बियाच्या पुड्या बघितल्या आणि जागीच थबकला. काय झालंय ते त्याला कळलं. उज्ज्वलाला कळलं, ती तोंडावर पदर धरून आत वळली. हौशीराम खाली वाकायला लागला तसा गेणभाऊ घाईनं मागं सरकला. "हां हां, पाया नगं. गिऱ्हाईक हाय मी. गिऱ्हाइकाला काय करायला लावतोस ते सांग."

 हौशीरामनं दाराशेजारच्या वाफ्याकडे बोट केलं आणि ट्रेमधून एक रोप काढून भावाच्या हातावर ठेवलं.

गेणभाऊ धोतर सावरत खाली बसला. ज्यानं या पोराला सरी म्हणजे काय, वाफा म्हणजे काय, रोप कसं धरायचं हे शिकवलं होतं, तो त्याच्यासमोर उकिडवा बसला. दांडक्यानं भोक पाडलं, गड्डा आत ठेवला, आणि सवयीनं अंगठा वरून दाबायला गेला.

"वरनं न्हाई, दादा." हौशीरामनं त्याचा हात धरला आणि बोटं गड्ड्याच्या दोन्ही बाजूंना लावून दिली. "आसं. बाजूनं. हळू."

"आसं?"

"हां. आसंच."

गेणभाऊनं चिमूटभर माती वर टाकली. हात तिथंच ठेवला. हौशीरामनंही आपला हात काढला नाही. दोघं तसेच बसून राहिले, आणि गेणभाऊ रडायला लागला.